हिशेबाची बैठक मोबाइलवर: लिंक, संख्या आणि स्क्रीन

31 मार्चला वर्ष संपते, सीएकडून ताळेबंद तयार होऊन येतो आणि एकत्र पेढी असलेल्या घरांत भागीदारांच्या बैठकीची वेळ ठरू लागते. पूर्वी या बैठकीस सर्वजण मूळ गावी जमत. गादीवर वह्या उघडल्या जात आणि प्रत्येकाच्या भांडवल खात्याचे आकडे मोठ्याने वाचले जात. आता एक भाऊ इचलकरंजीस, दुसरा पुण्यास, तिसरा सुरतेस आणि एक पुतण्या दुबईत अशी स्थिती अनेक घरांची आहे. त्यामुळे ही बैठक व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर होऊ लागली आहे. कॉल लावणे सर्वांनाच येते. बैठक बिघडते ती मात्र तीन ठिकाणी: आत किती जणांना जागा आहे, आत कोण येऊ शकतो आणि आलेल्यांना नेमके काय दिसते. या तिन्ही गोष्टी आधी ठरवल्या नाहीत, तर घरचा हिशेब परक्याच्या डोळ्यांपुढे उघडा पडू शकतो, क्वचित बँकेतील रक्कमही जाऊ शकते.

एका काल्पनिक कापड पेढीचे उदाहरण घेतल्यास हे नीट समजेल. चार भावांची ही पेढी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये 46 सदस्य आहेत. बैठकीत नफा-तोटा पत्रक दाखवायचे आहे, प्रत्येक भागीदाराची वर्षभराची उचल सांगायची आहे आणि सुरतेच्या गोदामासाठी कर्ज घ्यावे की नाही हे ठरवायचे आहे. रात्री आठची वेळ निश्चित झाली. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असते, दुकाने वाढवलेली असतात आणि दुबईत त्या वेळी साडेसहाच वाजलेले असतात.

संख्येचा हिशेब

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये एका वेळी 32 जण सहभागी होऊ शकतात. 2018 साली ग्रुप कॉल सुरू झाला तेव्हा ही मर्यादा केवळ 4 होती. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये ती 8 झाली. पुढे आधी व्हॉइस कॉलसाठी आणि नंतर व्हिडिओ कॉलसाठी ती 32 पर्यंत वाढली. ही संख्या कॉल लावणाऱ्यास धरून आहे. बत्तीस जागा भरल्या की तेहतिसाव्यास प्रवेश नाही. तो पेढीचा थोरला भागीदार आहे की सहज डोकावलेला भाचा, हा भेद कॉलला कळत नाही. जो आधी आला त्यास जागा मिळते.

46 सदस्यांच्या ग्रुपवर नुसता निरोप टाकला, तर आठ वाजण्यापूर्वीच तरुण मंडळी आत जाऊन बसतील आणि चष्मा शोधून सव्वाआठला मोबाइल हाती घेणारे अण्णा बाहेर राहतील. ज्यांच्या सहीवाचून कर्जाचा निर्णय होत नाही, त्यांनाच बैठकीत जागा नाही, अशी ही अडचण आहे.

तिचा उपाय मात्र सोपा आहे. मर्यादा मोबाइलची आहे, माणसांची नाही. या कुटुंबातील 46 सदस्य 19 घरांत राहतात. प्रत्येक घराने एकच मोबाइल जोडला आणि सर्वजण त्यासमोर बसले, तर 19 जागा लागतात. वसतिगृहात राहणारे दोन विद्यार्थी, दुबईतील पुतण्या आणि सीए हे चौघे स्वतंत्रपणे येतील. एकूण 23 झाले. म्हणजे नऊ जागा हाताशी उरतात. ही 23 नावांची यादी बैठकीपूर्वी कागदावर लिहून ठेवावी. पुढे तिचा आणखी एक उपयोग होणार आहे.

एका घरात एकच मोबाइल ठेवण्याचे दुसरे कारण आवाजाचे आहे. एकाच खोलीत दोन मोबाइल त्याच कॉलवर असतील, तर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा पहिल्यात येतो आणि कानठळ्या बसवणारी शिटी सुरू होते. ती सर्व 23 ठिकाणी ऐकू येते. "नेट खराब आहे" म्हणून सगळे कॉल तोडून पुन्हा लावत बसतात, वास्तविक नेटचा त्यात दोष नसतो. अशी शिटी आली की खोलीतील दुसरा मोबाइल कॉलमधून बाहेर काढावा. तो ठेवणे आवश्यकच असेल, तर त्याचा माइक बंद करून आवाज पूर्ण कमी करावा.

ज्या कुटुंबास 32 मोबाइलही पुरत नाहीत, त्यांनी दुसरे साधन निवडावे. गूगल मीटच्या विनामूल्य सेवेत 100 जण येऊ शकतात, परंतु तीन किंवा अधिक जण असतील तर बैठक 60 मिनिटांनी संपते. झूमच्या विनामूल्य सेवेतही 100 जणांना जागा आहे, मात्र तेथे वेळ 40 मिनिटांची असते. हिशेबाचे वाचन ऐन रंगात असताना कॉल तुटू नये, यासाठी तेथे विषयांची विभागणी घड्याळ पाहून करावी लागते.

लिंक कोणास ओळखत नाही

ग्रुपमधून कॉल लावला की निवडलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलची घंटा वाजते. ग्रुपमध्ये 32 पेक्षा अधिक सदस्य असतील, तर कॉल लावणाऱ्यास नावे निवडावी लागतात. घाईत निवडताना एखादे नाव राहते आणि त्यावरून पुढे वर्षभर बोलणी ऐकावी लागतात. म्हणून आधी वेळ ठरलेल्या बैठकीस कॉलची लिंक अधिक सोयीची ठरते. ही सोय सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झाली. व्हॉट्सॲपच्या कॉल्सच्या पानावर लिंक तयार करण्याचा पर्याय असतो. तेथे व्हिडिओ की व्हॉइस हे निवडायचे. तयार झालेली लिंक अशी सुरू होते:

```
https://call.whatsapp.com/video/
```

यापुढे अक्षरे व अंक यांची एक लांब मालिका असते. लिंक पाठवल्याने कोणाच्याही मोबाइलची घंटा वाजत नाही. ठरल्या वेळी ज्याने त्याने ती दाबून आत यायचे असते. उशिरा येणाऱ्यासही तीच लिंक चालते. वयस्कर मंडळींना हे आवर्जून सांगून ठेवावे लागते, कारण "आम्ही आठपासून वाट पाहतोय, कोणी फोनच केला नाही" ही तक्रार याच गैरसमजातून येते. प्रत्येक घरातील एका तरुणाकडे लिंक दाबण्याचे काम सोपवले म्हणजे ती तक्रार उरत नाही.

आता यातील धोका. लिंक ही किल्लीसारखी असते. ती ज्याच्या हाती पडते, त्यास ती दार उघडून देते. लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली म्हणून ती त्या ग्रुपपुरती मर्यादित राहत नाही. व्हॉट्सॲप वापरणारा कोणीही ती दाबून आत येऊ शकतो. या पेढीच्या बाबतीत असे घडू शकते: सुरतेतील भाच्याने, मामेभावालाही येता यावे या सद्हेतूने, लिंक त्याला पाठवली. मामेभावाने ती मित्रमंडळाच्या ग्रुपवर चुकून पुढे ढकलली. त्या ग्रुपमध्ये याच पेठेतील दुसरा कापड व्यापारी आहे. कुतूहलाने त्याने ती दाबली. कॅमेरा बंद ठेवून तो वीस मिनिटे बसला, तर पेढीचे नफ्याचे प्रमाण, उधारी आणि कर्जाचा बेत हे सर्व त्यास कळेल. त्यासाठी त्याने काही फोडले नाही की चोरले नाही, दार उघडेच होते.

यावर तीन सवयी पुरेशा आहेत. पहिली, लिंक ग्रुपवर न टाकता यादीतील 23 क्रमांकांना वेगवेगळी पाठवावी आणि ती बैठकीच्या दिवशीच, शक्य तर अर्धा तास आधी पाठवावी. चार दिवस आधी पाठवलेली लिंक चार दिवस फिरत राहते. दुसरी, प्रत्येक बैठकीसाठी नवी लिंक तयार करावी. बैठक संपली म्हणून जुनी लिंक निकामी होते असे समजू नये. गेल्या वर्षीची लिंक ज्याच्याकडे आहे, त्यास यंदाच्या बैठकीचे निमंत्रण द्यायचे नसेल, तर ती पुन्हा वापरू नये.

तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची: आकडे उघडण्यापूर्वी हजेरी घ्यावी. कॉलमध्ये सहभागी असलेल्यांची यादी पाहता येते. कागदावर 23 नावे आहेत आणि कॉलमध्ये 24 दिसत आहेत, तर चोविसावा कोण हे कळेपर्यंत हिशेबाचा एकही आकडा उच्चारू नये. ज्याचा क्रमांक मोबाइलमध्ये जतन केलेला नाही, त्याच्या जागी बहुधा नुसता क्रमांक दिसतो. तो वाचून विचारावे. दुबईच्या पुतण्याचा नवा क्रमांक असेल, तर तो लगेच बोलेल. उत्तर आले नाही, तर सरळ कॉल संपवावा, नवी लिंक तयार करून ती यादीतील लोकांनाच पाठवावी आणि पुन्हा जमावे. दहा मिनिटे जातील, पण पेढीचा हिशेब घरातच राहील. क्रमांक दिसण्याची ही बाब दुसऱ्या बाजूनेही ध्यानात ठेवावी. लिंकवरून आत येणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसू शकतो. घरातील मुली-सुनांचा क्रमांक बाहेरच्या मंडळींसमोर जाऊ नये असे वाटत असेल, तर बाहेरची माणसे असलेल्या कॉलवर घराचा एकच मोबाइल जोडावा.

कागद नव्हे, संपूर्ण स्क्रीन

हजेरी जुळली की ताळेबंद दाखवायचा. व्हॉट्सॲपवर स्क्रीन शेअर करण्याची सोय ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर झाली. व्हिडिओ कॉल सुरू असताना स्क्रीन शेअर करण्याचे चिन्ह दाबायचे. मोबाइल एकदा परवानगी विचारतो. ती दिली की समोरच्यांना आपली स्क्रीन दिसू लागते. थांबवायचे असेल तेव्हा तेच चिन्ह दाबून थांबवता येते. ही कृती इतकी सोपी आहे की तिचा अर्थ नीट ध्यानात येत नाही. दाखवणाऱ्याच्या मनात तो "ताळेबंद दाखवत" असतो. मोबाइल मात्र ताळेबंद दाखवत नाही, त्या क्षणी स्क्रीनवर जे जे येईल ते सर्व दाखवतो. वरून घसरत येणारा संदेश, ताळेबंदाची फाइल शोधताना उघडलेली इतर फाइलींची यादी, चुकून उघडलेले छायाचित्रांचे दालन, टाइप होत असलेला शब्द, हे सर्व 23 घरांत एकाच वेळी पोहोचते.

समजा, पुण्याचा भाऊ मोबाइलवरून ताळेबंद दाखवत आहे. त्याच वेळी एका ग्राहकाचा संदेश वर झळकला: "तुमच्या भावापेक्षा तुम्ही दर कमी द्याल म्हणून विचारतोय." संदेश तीन सेकंदांत नाहीसा झाला, पण सुरतेच्या भावाने तो वाचला. कर्जाचा विषय बाजूला पडला आणि बैठकीचे रूपांतर भांडणात झाले. यात फसवणूक करणारा कोणी नाही, पाठवणाऱ्याचा हेतूही वाईट नाही. संदेशाच्या सूचना चालू राहिल्या, एवढेच कारण.

म्हणून हिशेब दाखवण्यासाठी मोबाइलपेक्षा लॅपटॉप वापरावा. व्हॉट्सॲपचे लॅपटॉपवरील ॲप त्याच क्रमांकाशी जोडता येते आणि तेथूनही व्हिडिओ कॉल व स्क्रीन शेअर करता येते. त्यात एक मोठा लाभ आहे. लॅपटॉप विचारतो की संपूर्ण स्क्रीन दाखवायची की एखादीच खिडकी. फक्त ताळेबंदाची खिडकी निवडली, तर बाकी काहीही बाहेर जात नाही. काही नव्या अँड्रॉइड मोबाइलांवरही परवानगी मागताना एकच ॲप दाखवण्याचा पर्याय येतो. तो दिसला तर तोच निवडावा. असा पर्याय नसेल, तर शेअर करण्यापूर्वी 'व्यत्यय नको', म्हणजे `Do Not Disturb`, चालू करावे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. काही मोबाइलांवर त्याने केवळ आवाज बंद होतो, संदेश झळकतच राहतात. पत्नीस किंवा मुलास एक संदेश पाठवावयास सांगून खात्री करून घ्यावी.

दुसरी अडचण वाचनीयतेची. लॅपटॉपवर स्पष्ट दिसणारे बारा स्तंभांचे पत्रक अण्णांच्या हातातील मोबाइलवर मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. दाखवणाऱ्यास हे कळत नाही, कारण त्याच्यासमोर ते मोठेच असते. यासाठी पूर्ण ताळेबंद न दाखवता चार-पाच ओळींचा सारांश वेगळा करावा आणि त्याचे अक्षर मोठे ठेवावे. या पेढीसाठी एकूण विक्री, निव्वळ नफा, चौघांची उचल आणि येणे बाकी एवढ्या ओळी पुरतात. पाहणाऱ्यांनी मोबाइल आडवा धरावा. मग दाखवणाऱ्याने "दिसतंय ना?" असे विचारू नये. त्यावर सगळे "हो, हो" म्हणतात. "आत्या, शेवटच्या ओळीतला आकडा वाचता का?" असे विचारावे. आत्यांनी आकडा बरोबर वाचला, तर सर्वांना दिसते आहे. त्या अडखळल्या, तर अक्षर आणखी मोठे करावे. आकडा एक ओळ मागचा वाचला, तर चित्र उशिरा पोहोचते आहे असे समजून प्रत्येक पानावर थोडे थांबावे.

कधी असेही होते की शेअर करताना बँकेचे ॲप उघडले आणि समोरच्यांस काळी स्क्रीन दिसू लागली. तो बिघाड नाही. बँकांची अनेक ॲप आपली स्क्रीन बाहेर दाखवू देत नाहीत, ही सुरक्षिततेची योजना आहे. तिला वळसा घालण्याच्या खटपटीत पडू नये. बँकेतील शिल्लक भागीदारांस दाखवणे आवश्यक असेल, तर खातेउतारा आधी पीडीएफ रूपात घेऊन तो दाखवावा. शेअर सुरू असताना बँकेचे ॲप, यूपीआयचा पिन आणि पासवर्ड यांच्या जवळपासही जाऊ नये.

अनोळखी माणूस स्क्रीन मागतो तेव्हा

बँकेचे ॲप काळे दिसते, म्हणून रक्कम सुरक्षित आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. ओटीपी बँकेच्या ॲपमध्ये येत नाही, तो एसएमएसने येतो आणि एसएमएस स्क्रीनवर झळकतो. फसवणूक करणारे याच फटीतून शिरतात. दुकानाच्या क्रमांकावर व्हिडिओ कॉल येतो. बोलणारा स्वतःस बँकेचा किंवा पेमेंट यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणवतो. "तुमचे केवायसी अपुरे आहे, आज रात्री खाते बंद होईल, स्क्रीन शेअर करा, मी मार्गदर्शन करतो" असे सांगतो. तो ओटीपी विचारत नाही. त्यामुळे "ओटीपी कोणास सांगू नये" हे पाठ असलेला व्यापारीही निर्धास्त राहतो. पण त्याने सांगण्याची गरजच उरलेली नसते. पलीकडे तो माणूस व्यवहार सुरू करतो, ओटीपी व्यापाऱ्याच्या स्क्रीनवर झळकतो आणि तो वाचून घेतो. अशाच रीतीने व्हॉट्सॲपचा सहा अंकी नोंदणी क्रमांकही पाहिला जातो आणि व्हॉट्सॲप खातेच दुसऱ्याच्या ताब्यात जाते. मग तेथून नातेवाइकांस पैशांची मागणी सुरू होते.

यासाठी नियम एकच पुरतो: ज्यास स्क्रीन दाखवायची, त्यास फोन आपण लावलेला असावा. समोरून आलेल्या कॉलवर, बोलणारा कितीही सभ्य असला तरी, स्क्रीन शेअर करू नये. बँकेचे काम असेल तर शाखेत जावे किंवा पासबुकावरील क्रमांकावर स्वतः फोन करावा.

तरीही स्क्रीन दाखवली गेली आणि रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, तर लाजेपोटी रात्रभर गप्प राहू नये. कॉल तोडून लगेच बँकेस कळवावे आणि 1930 या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार `cybercrime.gov.in` या संकेतस्थळावरही करता येते. घाईचे कारण नियमातच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटले आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान तो बँकेस कळवीपर्यंत त्यालाच सोसावे लागते, कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. पहिल्या वजावटीनंतर लगेच कळवणारा आणि सकाळी कळवणारा यांच्यातील अंतर कित्येक लाखांचे असू शकते.

बैठक संपल्यावर

स्क्रीन शेअर थांबवणे आणि कॉल संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब संपून घरगुती गप्पा सुरू होतात आणि स्क्रीन तशीच उघडी राहते, असे वारंवार होते. म्हणून सारांश वाचून होताच शेअर थांबवावे आणि कोणास तरी विचारून खात्री करून घ्यावी. स्क्रीनवर दाखवलेले व्हॉट्सॲप स्वतः जतन करून ठेवत नाही. मात्र पाहणाऱ्यापैकी कोणी दुसऱ्या मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतले, तर ते कोणास कळतही नाही. जे आकडे छायाचित्रात जाऊ नयेत, ते स्क्रीनवर आणू नयेत, भागीदारांस स्वतंत्रपणे पाठवावेत.

जतन होत नसल्याचा दुसरा परिणाम असा की बैठकीत काय ठरले याचा पुरावा कॉलमध्ये राहत नाही. सुरतेच्या गोदामासाठी किती कर्ज, कोणाच्या सहीने, कोणत्या महिन्यापर्यंत, हे कॉल संपण्यापूर्वी एकाने लिहून मोठ्याने वाचावे. उपस्थित 23 जणांच्या नावांसह तो मजकूर त्याच रात्री चारही भावांना पाठवावा आणि त्यांनी उत्तरात संमती लिहून कळवावी. पुढच्या वर्षी उचलीवरून किंवा कर्जावरून प्रश्न निघाला, तर उपयोगी पडेल तो हाच मजकूर.